पालमच्या दिनकररावांचा चार ओळींचा मेसेज

दिनकररावांच्या किराणा दुकानात सगळं मोजून मिळायचं, फक्त त्यांची भाषा सोडून. तरुणपणी पालम तालुक्यात लग्नाच्या मंगलाष्टका ते स्वतः रचून म्हणायचे. आता लग्नात कुणी बोलवीना, मग ती सगळी हौस व्हॉट्सअॅपवर निघाली.

मागच्या दिवाळीला तर कहर झाला. सकाळी सहाला लुकलुकत्या पणत्या, मग बत्तीस ओळींची कविता, आणि कवितेच्या शेपटाला कुठंतरी बेसनाचा भाव. पाच दिवस रोज. गिऱ्हाइकांनी काही दिवस सोसलं, मग एकेकानं ब्लॉक केलं, काहींनी तक्रारच ठोकली. ऐन सणात व्हॉट्सअॅपनं दुकानाचा नंबर बंद केला आणि घरबसल्या येणाऱ्या ऑर्डरी बाजूच्या नव्या मार्टात गेल्या. दिनकरराव मात्र सांगत सुटले की लोकांना साहित्याची गोडी उरली नाही.

कसाबसा परत मिळालेला नंबर यंदा पुन्हा गेला तर दुकानाची दिवाळी गेलीच, हे त्यांनाही कळत होतं. म्हणून यंदा त्यांनी सून प्राचीला पुढं बसवलं. पोरगी मोठी खमकी. तिनं आधी यादी चाळली. 'नको' म्हणालेले काढले. ज्यांच्या फोनात दुकानाचा नंबर सेव्हच नाही त्यांना ब्रॉडकास्ट, म्हणजे एकदम सगळ्यांना जाणारा मेसेज, पोचतच नाही, उगाच आकडा मोठा दिसतो, हे तिनं सासऱ्यांना दोनदा समजावलं. मेसेज एकदाच जाणार, तोही अकराच्या सुमाराला, बायामाणसं मोकळी झाल्यावर. मग तिनं कवितेवर कात्री चालवली.

"मामा, लोकांना तेलाचा भाव वाचायचाय. तुमचं हृदय पुढच्या वर्षी दाखवा."

दिनकररावांनी एकेक ओळ जाताना बघितली. उरलं ते इतकंच:

'नमस्कार, दिनकर किराणा, पालम. दिवाळीच्या शुभेच्छा.
तेलाच्या पाच लिटर डब्यावर एक किलो साखर मोफत, लक्ष्मीपूजनापर्यंत.
यादी इथंच पाठवा, गावात घरपोच देऊ.
असे मेसेज नको असतील तर "नको" एवढंच लिहा.'

पाठवायच्या आधी त्यांनी गुपचूप आणखी एक नाव काढलं, कुसुमबाईंचं. त्यांचे यजमान माणिकराव, दिनकररावांचे जुने दोस्त, आषाढात गेले. त्या घरात वर्षभर सण नाही, फराळाची कढई चढणार नाही. तिथं 'दिवाळीच्या शुभेच्छा' पाठवायच्या म्हणजे जखमेवर मीठ. आपल्या या समजूतदारपणाचं त्यांना इतकं कौतुक वाटलं की कवितेचं दुःख ते पार विसरले.

मेसेज गेला आणि दुपारपर्यंत याद्या यायला लागल्या. 'नको' लिहिलं फक्त एकानं, तेही हात जोडल्याच्या चित्रासह. दिनकरराव गल्ल्यावर ताठ बसले. यंदा एकही माणूस दुखावला नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवू लागले.

तिसऱ्या दिवशी कुसुमबाई आल्या. पायरीवरच उभ्या राहिल्या, आत येईनात. शेजारणीच्या फोनवर त्यांनी मेसेज बघितला होता.

"भाऊजी, साऱ्या गल्लीला आला, मलाच न्हाई. माझं नाव काढलं का तुमी?"

दिनकररावांनी दुखवट्याचं सांगितलं. चांगलं लांबलचक सांगितलं, सवयच ती. कुसुमबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे गेले. मी हाय ना अजून? भेटायला पावणे रोज यायलेत, चहाला साखर लागती, भाजीला तेल लागतं. हळदीकुंकवाला कुणी बोलवीना. आता दुकानबी?"

दिनकरराव गिऱ्हाइकासाठी गल्ल्यावरून उठले. आयुष्यात पहिल्यांदाच.

कुसुमबाई जरा मऊ झाल्या. "तुमची ती लांबडी कविता हे रोज मला वाचून दाखवायचे. लय हसायचे. यंदा तीबी न्हाई."

म्हणजे साऱ्या पालममध्ये त्यांना एकच वाचक होता, आणि तो हसण्यासाठी वाचायचा. दिनकररावांना हे लागलं. पण त्याहून जास्त, तो वाचक आता नाही, हे लागलं. आषाढापासून ते डोळ्यांत पाणी येऊ देत नव्हते, ते आत्ता आलं.

त्यांनी फोन उचलून ती कविता शोधली. कवितेची पहिलीच ओळ होती, 'घरोघरी आनंदाचे दिवे'. ती पाठवण्यासारखी नव्हती. ब्रॉडकास्टही नको. त्यांनी फक्त कुसुमबाईंचं नाव उघडलं आणि चष्मा पुसून एकेक अक्षर टाइप केलं: 'वहिनी, यंदा फराळ आमच्या घरून येईल. दिनकर.'

पायरीवर फोन वाजला. कुसुमबाईंनी वाचलं, पदर डोळ्याला लावला, आणि मग त्या आत आल्या.

"तेलाचा डबा द्या," त्या म्हणाल्या. "अन् त्याच्यावरची साखर इसरू नका."