फडक्याने दाबलेल्या चपात्या

मावशींचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला आणि खानावळीतल्या चपात्या त्यांच्या नवऱ्याच्या गळ्यात पडल्या. ते शिंपी, दुकान बंद करून घरी बसलेले. जेवायला येत ते बँकेतले कारकून. असल्या वातड चपात्या आणखी एक दिवस मिळाल्या तर आम्ही समोरच्या खानावळीत जाऊ, असं त्यांनी अत्यंत आदराने कळवलं होतं.

लाटण्यात खोट नव्हती. मध्य आणि काठ सारख्याच जाडीचे, आणि गोल तर कंपासने आखल्यासारखा. पण शिंपीबुवा चपातीच्या पहिल्याच बाजूला डाग पडेपर्यंत ती तव्यावर फडक्याने दाबत बसायचे. जन्मभर इस्त्री फिरवलेला हात. फुगवटा दिसला की तो बसवायचाच.

"अहो, कॉलर नाही ती!" मावशी स्टुलावरून ओरडल्या. "दाबू नका. बारीक फोड आले की लगेच उलटा. ही बाजू कोरडी पडली तर फुगणार कशी?"

"कच्ची राहील ना पण."

"राहू दे. दुसरी बाजू नीट भाजा, मग ही कच्ची बाजू जाळावर टाका."

त्यांनी तसं केलं. चपाती आधी एका कडेने उचलली गेली, मग टम्म फुगली. चिमटा हातात धरून शिंपीबुवा कौतुकाने बायकोकडे बघत राहिले.

"माझ्याकडे काय बघताय? जळतेय ती!"

एका बाजूने काळवंडलेली ती चपाती थोरल्या कारकुनाच्या ताटात पडली. त्याने ती फोडली, वाफ बाहेर येऊ दिली आणि सगळी खाल्ली.

"मग, समोर कधीपासून जाताय?" मावशींनी विचारलं.

"तिथे फार गर्दी असते हो," तो म्हणाला आणि ताट पुढे केलं.