सुगंधाबाईनं दाबलेली बाजरी

शहरात, गारखेड्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका ऑफिसात सुगंधाबाईला घेतलं, ते तिला पिकं कळतात म्हणून. बाकी सगळे शिकलेले. ती नाही. पण मेंढ्यांमागं बालपण गेलेल्या बाईला पान ओळखावंच लागतं. कापणीनंतर ज्वारीच्या धाटांना कोवळे फुटवे येतात आणि ते खाऊन उभी जनावरं आडवी होतात. बाजरीचं तसं भय नसतं. सुगंधाबाई दहा वर्षांची असताना तिच्या बापाच्या अकरा मेंढ्या एका सकाळी गेल्या होत्या. तेव्हापासून ज्वारीचं पान तिच्या डोळ्यांतून निसटलं नव्हतं.

काम सोपं होतं. दाणा भरलेल्या पिकाचा एक कणसाचा फोटो, एक पानाचा. वर गावाचं नाव, खाली तीन रंगांची बटणं: तांबडं नाचणीचं, पिवळं ज्वारीचं, निळं बाजरीचं. ही उत्तरं वाचून म्हणे मशीन शिकणार. नाचणी तिनं शेतात कधी पाहिली नव्हती. साहेबीण लुबनानं एकदाच दाखवली: धाटाच्या टोकाला चार-सहा बोटं, मिटत आलेल्या मुठीसारखी. पुन्हा ती चुकली नाही. पडेगावहून रोज दोन रिक्षा बदलून यायची, पंख्याखाली खुर्चीत बसायची. गळ्यात फोटोवालं ओळखपत्र. सून कौतुकानं शेजाऱ्यांना सांगायची. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला तिच्या नावानं हाक मारून चहा विचारत होतं.

मग एका गावाचे फोटो आले आणि तिच्या नशिबावर पाणी फिरलं.

कणसं लांबून काढलेली, जराशी अस्पष्ट, घट्ट. पण दाणे गोल, मोत्यासारखे, बारक्या फांद्यांवर दाटीनं बसलेले. बाजरीचा दाणा असा बसत नाही, तो दांड्याभोवती चिकटून कणीस सरळ नळीसारखं करतो. पानं तर स्पष्टच होती: रुंद, मधोमध ठळक पांढरी शीर, धाटाला वेढलेल्या भागावर चुन्यासारखी पूड. सुगंधाबाईनं बेधडक पिवळं दाबलं. दोनशे फोटो, दोनशे वेळा पिवळं.

आठवड्यानं लुबनानं बोलावलं. लुबना भली बाई, तोंड पाडून बसली होती.

"मावशी, तुमचे मार्क लई घसरलेत. नव्वदच्या खाली गेलं तर कार्ड काढून घेत्यात."

"का वं? मी चुकले व्हय?"

लुबनानं समजावलं: दर दहा फोटोंत एकाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. त्यावरून मार्क देतात. ते उत्तर येतं गावोगाव जाऊन पिकांचा फॉर्म भरणाऱ्याकडून, आणि त्या गावाच्या माणसानं सगळीकडे बाजरी लिहिली होती.

"झाडाखाली बसून भरला असंल," सुगंधाबाई म्हणाली. "तुमीच बघा की पान."

लुबनानं बघितलं. बराच वेळ बघितलं. "मला बी ज्वारीच दिसती, मावशी. मी वर कळवलं होतं. फॉर्म हाच पुरावा म्हणून उत्तर आलं."

जेवणाच्या वेळी अजिनाथ जवळ आला. कृषी पदवीधर, सगळ्यांत जास्त मार्क त्याचे. डब्यातली भाकरी मोडत त्यानं हळूच सांगितलं, "मावशी, गाव कळलं की बटण कळतं. या गावाला निळं. डोकं लावू नका."

"तुला पान कळत नाय का, लेकरा?"

"कळतं की."

एवढंच. त्याला लाज वाटली की नाही, कळलं नाही. सुगंधाबाईनं मात्र त्या दिवशी डबा तसाच झाकून ठेवला. घरी सांगायची सोय नव्हती. खुर्ची गेली तर पुन्हा दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायचं, आणि वाकायला कंबर आता तयार नव्हती. स्वतःच्या डोळ्यांशी बेइमानी करायची, एवढीच काय ती अडचण. तिचा संताप संताप झाला, पण कुणावर करणार?

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच गावाचे फोटो. पांढरी शीर समोर. तिनं बोट पिवळ्यावर नेलं, मागं घेतलं, निळं दाबलं. विसाव्या फोटोला बोट सरळ निळ्यावरच गेलं. याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

महिनाअखेर मार्क सत्त्याण्णव. लुबनानं सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या, पण सुगंधाबाईकडं बघितलं नाही. नव्या पोरींना काम शिकवायचं आता सुगंधाबाईनंच, असं ठरलं. तिला पुढच्या रांगेतली खुर्ची मिळाली.

सोमवारी शालू आली. तीही मेंढ्यांमागंच वाढलेली, धनगरवाड्यावरची पोर, चुणचुणीत. तिसऱ्याच फोटोला तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

"मावशी, शीर पांढरी हाय. अंगावर पूड बी हाय. ही ज्वारी ना?"

सुगंधाबाईनं पान बघितलं. मग गाव बघितलं.

"नाय गं," ती म्हणाली. "बाजरी दाब."