कोपऱ्यातली नावे आणि एक सही

पालकांना पाठवायचे पत्र कसे असावे, याविषयी माझी काही ठाम मते आहेत. पत्र एका पानाचे असावे. पहिल्या ओळीत विषय, दुसऱ्या परिच्छेदात कारण, तिसऱ्यात पालकांनी काय करायचे ते. खाली कापून परत देण्याची पावती, आणि ती कोणत्या दिवसापर्यंत परत हवी हे ठळक अक्षरांत. सोलापुरातल्या आमच्या शाळेत इतर शिक्षिका माझी पत्रे नमुना म्हणून मागून नेत. याचा मला अभिमान होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्या वर्षी माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. पटनोंदणीसाठी शाळेची एक चित्रफीत करायची, असे मुख्याध्यापकांनी ठरवले. कार्यालय, ग्रंथालय, मैदान आणि एका वर्गातला प्रत्यक्ष पाठ असा तिचा आराखडा होता. पाठ माझ्या वर्गाचा निवडला गेला. मी पत्र लिहिले. मुलांचे चित्रीकरण का होणार, कोणत्या दिवशी, ते शाळेच्या यूट्यूबवर आणि पालकसभेत दाखवले जाईल, संमती देणे ऐच्छिक आहे, नकार दिला तर पाल्याचे कोणतेही नुकसान होणार नाही, सगळे लिहिले. खाली पावती: ‘मी संमती देत आहे / देत नाही. (लागू नसेल ते खोडावे.) पालकांची सही.’

दोन दिवसांत सगळ्या पावत्या परत आल्या. हे आपोआप घडत नाही. माझ्या वर्गात वर्षानुवर्षे एक रीत होती. घरी दिलेल्या कोणत्याही कागदावर पालकांची सही आणायची, म्हणजे कागद घरी पोचला, वाचला गेला, हे कळते. ज्याची सही आली नाही, त्याचे नाव फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखून लिहायचे. शिक्षा कोणतीही नाही. सही आली की नाव पुसायचे. मुले त्या चौकटीला फार घाबरत, आणि मला ते चांगले वाटे.

पावत्या मी क्रमाने लावल्या. बऱ्याच जणांनी ‘देत नाही’ खोडले होते. काहींनी काहीच खोडले नव्हते, नुसती सही होती. घाईत राहून गेले असेल, असे मी धरले. नकार द्यायचा असता तर कोणीतरी लिहिले असते. त्या पावत्याही मी संमतीच्या गठ्ठ्यात ठेवल्या आणि सगळ्यांना एकच टाचणी लावली.

त्या गठ्ठ्यात एका मुलीची पावती होती. मुलगी जूनमध्ये नव्याने दाखल झाली होती. आई तिला घेऊन मोहोळकडच्या एका गावातून सोलापूरजवळ कुंभारीला भावाकडे राहायला आली होती आणि शहरात गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कामाला जात होती. प्रवेशाच्या दिवशी तिने मला बाजूला घेऊन सांगितले होते, “बाई, पोरीला न्यायला म्या नाय तर तिचा मामाच येईल. दुसरं कुनीबी आलं, अगदी बाप म्हनून आलं, तरी देऊ नका. लई हाल करून निघालोय आमी तितनं.” मी वर्गाच्या नोंदवहीत तांबड्या शाईने तशी नोंद केली होती. ती नोंदवही आणि पावत्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर एकाशेजारी एक होते.

पाठ वजनमापनाचा होता. टेबलावर तराजू, लोखंडी वजने आणि ज्वारीची पिशवी. एका मुलाने वजन ठेवायचे, दुसऱ्याने ज्वारी ओतायची. ही मुलगी ओतण्यात इतकी सफाईदार होती की काटा मधोमध येईपर्यंत वर्ग श्वास रोखून पाही. शेवटचे दाणे ती चिमटीने सोडायची. साहजिकच मी तिला पुढे उभे केले.

चित्रीकरण करणारा तरुण माणूस हसतमुख होता. पाठ झाल्यावर त्याने तिला विचारले, “ताई, तुझं नाव काय? राहतेस कुठं?”

पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचे हे मी जूनपासून शिकवत होते. तिने हात मागे बांधले. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, इयत्ता, शाळेचे नाव सांगितले, आणि मग, “मी कुंभारीला माझ्या मामांच्या घरी राहते.” एकही शब्द अडखळला नाही. मी कॅमेऱ्यामागून मान डोलावून शाबासकी दिली.

संध्याकाळी त्या माणसाने मला एक तुकडा पाठवला, कसा झालाय ते पाहा म्हणून. तराजू, दाणे आणि तिचे उत्तर. मी तो वर्गाच्या पालकांच्या गटावर टाकला. सोबत लिहिले, ‘आपल्या मुलांचे कौतुक करा.’ अंगठे आले, फुले आली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या घंटेआधी तिची आई वर्गाच्या दारात उभी होती. कामावर जाण्याच्या कपड्यांत, हातात फोन.

“बाई, हे काय केलं तुमी?”

मी पावती काढून तिच्यापुढे धरली. आजही तो हात मला माझा वाटत नाही. “ताई, तुमची सही आहे.”

“व्हय, माझीच हाय. वाचलं म्हनून केली की. पोरगी रडाय लागली, सही न्हाई नेली तर फळ्यावर नाव लिवत्यात म्हनली. देते म्हनलं न्हाई, देत न्हाई म्हनलं न्हाई. कायबी खोडलं न्हाई म्या. म्हनलं तुमी इचाराल.”

तिचे बरोबर होते. सही म्हणजे ‘वाचले’, हे मीच त्यांना शिकवले होते.

मी तिथेच गटावरचा तुकडा सर्वांच्या फोनवरून पुसला. ती बघत होती. मग तिने स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. वर्गातल्या एका मुलाच्या आईने तोच तुकडा स्टेटसला लावला होता. खाली वेळ होती, रात्रीपासूनची.

“हिचं माहेर माझ्या सासरच्या शेजारच्याच गावचं हाय,” ती म्हणाली.

मुख्याध्यापकांकडे गेलो. ते सज्जन गृहस्थ, पण पहिला प्रश्न त्यांनीही तोच विचारला. “सही आहे ना, बाई?”

“सही आहे, सर. संमती नाही.”

त्यांनी पावती उलटसुलट पाहिली, चष्मा काढला आणि चित्रीकरणवाल्याला फोन लावला. तो तुकडा कोठेही जाणार नाही, मूळ चित्रीकरणातूनही पुसायचा, असे स्पष्ट सांगितले. कार्यालयातल्या लिपिक बाईंनाही बजावले की फोनवर कोणत्याही मुलाची माहिती द्यायची नाही.

मधल्या सुट्टीत मी पालकांना एकेक करून फोन केले. स्टेटस लावणाऱ्या बाईंनी ते लगेच काढले, वर दहादा क्षमा मागितली. कारण मी सांगू शकत नव्हते, त्यामुळे त्यांना ते उमजले नाही. एका वडिलांनी हसून म्हटले, “बाई, आमचं पोरगं मागं उभं राहून नाक उकरतंय, म्हणून काढताय का? राहू द्या की! पाव्हण्यांना पाठवलंय सगळ्या.” मी म्हटले, “पाव्हण्यांनाही काढायला सांगा.” ते हो म्हणाले. सांगितले की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

पाठ पुन्हा चित्रित करायचा ठरला. मुलीचा हिरमोड होऊ नये म्हणून मी तिच्या आईला सुचवले, “चेहरा दिसणार नाही. फक्त हात, तराजू आणि ज्वारी घेऊ.”

ती म्हणाली, “हातबी वळखतो त्यो, बाई.”

मुलीच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा एक लांबट डाग होता. तो मी रोज पाहत होते, आणि कशाचा ते कधी विचारले नव्हते.

या वेळी पत्र पुन्हा दिले. पावतीवर दोन वेगळ्या ओळी आणि दोन वेगळ्या सह्यांच्या जागा केल्या: एक वाचल्याची, एक संमतीची. फळ्यावरची चौकट मी स्वतः पुसली. पुढच्या चित्रीकरणाच्या दिवशी ती मुलगी आणि आणखी चार मुले ग्रंथालयात बसली. नकार देणाऱ्या पालकांची ती मुले. पहिल्यांदा या चौघांच्याही पावत्यांवर काही न खोडता नुसती सही होती, हे मी ताडून पाहिले.

ग्रंथालयात जाण्यापूर्वी ती माझ्याजवळ आली. “बाई, माझं उत्तर चुकलं का?”

“नाही. बरोबर होतं.”

“मग मला का काढलं?”

मुलांच्या प्रश्नाला अर्धे उत्तर देऊ नये, असे मी नव्या शिक्षिकांना नेहमी सांगते. तिला मी म्हटले, “चूक माझी झाली.” तिने मान हलवली, पण तिला ते पटले नव्हते.

त्यानंतरच्या आठवड्यात लिपिक बाई वर्गाच्या दारात येऊन मला खुणेने बाहेर बोलावून म्हणाल्या, “एका पुरुषाचा फोन होता. माझी मुलगी चौथीत आहे ना तुमच्याकडे, असं विचारत होता. नाव हिचंच सांगितलं. मी म्हटलं, फोनवर सांगत नाही, प्रत्यक्ष या. तर ठेवला.”

तो कोण होता, हे आम्हाला निश्चित कधीच कळले नाही. मी मुलीच्या आईला कळवले. कळवायचेच होते. अर्ध्या तासात मामा मोटारसायकलवरून आला. वर्गात शुद्धलेखन चालू होते. मुलीने वही मिटली, पेन कंपासपेटीत ठेवले, पेटीचे झाकण नीट लावले, आणि “बाई, जाऊ का?” असे विचारून गेली.

हजेरी घेताना मी रोज तिचे नाव घेत राहिले आणि उत्तराला लागतो तेवढा वेळ थांबत राहिले. तिसऱ्या आठवड्यात मामा एकटाच शाळा सोडल्याचा दाखला मागायला आला. कोणत्या गावी, कोणत्या शाळेत, हे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. वजनमापनाची वही तेवढी त्याच्याजवळ दिली.

“ताई कशा आहेत?”

“हायेत,” तो म्हणाला. “तुमच्यावर राग न्हाय तिचा. पन भ्या लई बसलंय.”

दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. लिपिक बाईंनी तिथे नेहमीप्रमाणे ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहिले आणि कागद माझ्याकडे सरकवला. खाली वर्गशिक्षकांच्या सहीची जागा होती. मी तो रकाना वाचला. दुसऱ्यांदा वाचला. खोडायला तिथे काही नव्हते. मामा दाराशी उन्हात उभा होता आणि मोटारसायकल चालूच ठेवली होती.

मी सही केली.