शाळा सोडलेल्यांसाठी

आमच्या शाळेच्या कार्यालयातल्या कारकून बाईंना सगळे दाखलेबाई म्हणतात. शाळा सोडल्याचा दाखला त्यांच्याच हातून मिळतो, आणि तो देताना "जपून ठेव रे, हरवलास तर माझ्या डोक्याला ताप" असा दम प्रत्येकाला मिळतो. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवतो. चित्रकलेच्या तासाला गणित घेणाऱ्या लोकांशी माझं जमत नाही, त्यामुळे शिक्षकांच्या खोलीपेक्षा मी बाईंच्या टेबलाशीच जास्त असतो.

बाई फारसं बोलत नाहीत. नवरा गेल्यापासून तर नाहीच. दुपारचा डबासुद्धा खिडकीकडे तोंड करून खातात. पण कुणा पोराचं नाव शाळेतून कमी झालं की दिवसभर त्यांचा चेहरा उतरलेला असतो, एवढं मी पाहत आलोय.

शाळेचं फेसबुक पेज त्यांच्या गळ्यात पडलं ते मराठी टायपिंग येतं म्हणून. यंदा मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, शेवटच्या वर्गातून बाहेर पडलेल्या मुलांसाठी करिअर मार्गदर्शन ठेवलं. ओळखीचे एक समुपदेशक फी न घेता बोलायला तयार झाले होते. पेजवर इव्हेंट तयार करायचा, माहिती लिहायची आणि मग आठवणीच्या पोस्ट टाकायच्या, हे काम बाईंचं. वरचं चित्र माझं. मी त्यात एक उघडं दार काढलं. सर म्हणाले, दाराऐवजी पदवीची टोपी काढा. मी काढली नाही.

बाईंनी लिहिलं: "शाळा सोडलेल्या मुलामुलींसाठी मोफत करिअर मार्गदर्शन. पुढे काय करायचं, हा प्रश्न पडलाय? या, बसा, विचारा. फी नाही. नाव आधी नोंदवायची गरज नाही. शनिवारी सकाळी दहा वाजता, शाळेचं सभागृह."

चूक तुम्हाला दिसली असेल. आम्हा दोघांना दिसली नाही. जन्मभर दाखले लिहिणाऱ्या बाईंच्या लेखी, दाखला घेऊन गेलेलं प्रत्येक मूल म्हणजे शाळा सोडलेलं मूल, मग ते पहिलं आलेलं का असेना. जगाच्या लेखी मात्र शाळा सोडली म्हणजे मध्येच सोडली.

मुलं काही फेसबुकवर नसतात. तिथे असतात त्यांच्या आया, मावश्या, काका. त्यांनीच तो इव्हेंट एकमेकांना पाठवला. 'इंटरेस्टेड'चा आकडा वाढत गेला आणि आम्ही खूश झालो. मग खाली एका आईने लिहिलं: "माझ्या मुलीने आजोबांच्या आजारपणात शाळा सोडली. आजोबा गेले, तरी ती घरातच असते. कुणाशी बोलत नाही. तुमचं वाचून पहिल्यांदाच म्हणाली, जाऊन बघते. तिला चालेल ना?"

बाईंनी लगेच उत्तर दिलं, "चालेल. नक्की या." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही पोरगी मला आठवते हो. दाखल्यावर कारणाच्या रकान्यात मीच लिहिलं होतं, 'पालकांच्या विनंतीवरून'. दाराशी उभी होती. दाखला हातात घेतलाच नाही तिने, आईने घेतला."

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हाला बोलावलं. फोनवर समुपदेशक होते, आवाज मोठा करून ठेवलेला.

"अहो, मी टक्क्यांवर बोलतो," ते म्हणत होते. "कुठल्या शाखेला किती लागतात, त्यावर. ज्यांनी परीक्षाच दिली नाही त्यांना मी काय सांगू? खोटी आशा लावू?"

"ऐकलंत ना बाई?" सर म्हणाले. "शब्द बदला. 'उत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी' करा, विषय संपला."

"बदलते सर." बाईंचा आवाज इतका बारीक होता की मीच पुढे वाकलो. "पण माहितीतला शब्द बदलला तर फेसबुक कुणाला कळवत नाही. वेळ किंवा जागा बदलली तर कळवतं. मग ती मुलं येतील आणि दारातून परत जातील. त्यांना येऊ नका म्हणायचं, तर वेगळी पोस्ट टाकावी लागेल. तुम्ही सांगा, मी टाइप करते."

सरांनी चष्मा काढला. "लिहा. कळवण्यास खेद वाटतो की... सदर कार्यक्रम फक्त..." ते थांबले. पुन्हा म्हणाले, "ज्यांनी काही कारणास्तव शाळा..." आणि पुन्हा थांबले. बाईंची बोटं कीबोर्डवर तशीच होती. माझ्या मनात सरांबद्दल वर्षानुवर्षांचा कडवटपणा आहे, पण खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांचं वाईट वाटलं. ते वाक्य कुठल्याच माणसाला पुरं करता आलं नसतं.

"राहू द्या," सर शेवटी म्हणाले.

मग समुपदेशक म्हणाले, "मला थोडी चौकशी करावी लागेल," आणि त्यांनी फोन ठेवला.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बाईंनी आठवणीची पोस्ट टाकली. येतो म्हटलेल्या सगळ्यांना ती पोचावी म्हणून इव्हेंटमध्येच टाकली. "उद्या सकाळी दहा वाजता. पास झालेले, अडकलेले, मध्येच थांबलेले, सगळे या. वय विचारणार नाही. जुने कागद असतील तर आणा, नसतील तरी या." मी वाचली आणि म्हटलं, "बाई, एक अक्षर बदलू नका." त्या आईने खाली लिहिलं होतं, "तिने उद्याचे कपडे काढून ठेवलेत."

शनिवारी सभागृह भरलं. पुढे टक्केवाले, मागे बाकीचे. तसं कुणी सांगितलं नव्हतं, आपोआपच बसले. शेवटच्या रांगेत ती मुलगी आईशेजारी होती. एकोणीस वर्षांची असेल. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून बसली होती. बाई दारापाशी उभ्या होत्या, बसा म्हटलं तरी बसेनात.

समुपदेशक शाखांबद्दल बोलले, मग प्रश्न घेत मागे आले. मुलीने हात वर केला नव्हता, त्यांनीच विचारलं, "तुम्ही शाळा का सोडलीत?"

मुलगी उठून उभी राहिली. "मी नाही सोडली. मला काढलं."

सगळ्यांच्या माना वळल्या. आईचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता ही लेकीला दंडाला धरून घेऊन जाणार. पण ती जागेवरूनच म्हणाली, "मीच काढलं. सासऱ्यांना उचलायला, भरवायला घरात कुणी नव्हतं. हिला विचारलंसुद्धा नाही."

समुपदेशकांनी हातातले तक्ते बाजूच्या खुर्चीवर ठेवले. खिशातून घडी केलेला कागद काढला, आणि त्यावरचं पाहून पाहून सांगू लागले. शाळेत न बसता बाहेरून परीक्षा देता येते. अर्ज अजून सुरू आहेत. संध्याकाळचे वर्ग कुठे भरतात, तेही त्यांनी सांगितलं आणि घडीतला कोरा अर्ज मुलीपुढे धरला. "सोपं नाहीये," ते म्हणाले. "तुमचा अभ्यास सुटलाय. पहिल्या वेळी विषय राहूही शकतात. ते मी लपवणार नाही."

मुलीला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. तिला वेगळंच विचारायचं होतं.

"अर्जावर सही कुणाची लागते?"

"तुमची."

"आईची नाही?"

"नाही. तुम्ही सज्ञान आहात. सही तुमचीच."

मुलगी खाली बसली. मग आईकडे वळून, आम्हाला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पेन दे."