नत्थुजींचा फोन

रईसाची जीभ तिखट, पण अचलपुरात कॉम्प्युटर बिघडला की लोक तिलाच बोलावत. बोंडअळीच्या त्या वर्षी कापसाच्या जिनिंगमधले कारकून नत्थुजी वारले आणि मालकाने ऑफिसच्या मेलचा पासवर्ड बदलला. तेव्हापासून ऑफिसातलं मेलचं अ‍ॅप बरोबर पासवर्ड टाकला तरी पुन्हा मागायचं. रईसाने नोंदी पाहिल्या. एका मोबाइलवरून दिवसभर चुकीचे पासवर्ड येत होते, म्हणून खातंच सारखं बंद होत होतं. मोबाइल नत्थुजींचा होता.

ती त्यांच्या घरी गेली. मोबाइल देवापुढे चार्जिंगला लावलेला.

"सारखे मागून राहिले ते," त्यांची बायको वच्छलाबाई म्हणाली. "मी त्याइचं नाव टाकतो, माहं टाकतो, गावाचं टाकतो. पटतच नाही त्याइले."

"ते नाही वो काकू, फोन पासवर्ड मागते!" म्हणत रईसाने मोबाइलमधलं ते खातं काढून टाकलं. ऑफिसात जाऊन बंद पडलेलं खातं उघडलं. मेल सुरळीत आले.

दुसऱ्या दिवशी रईसाच्या मोबाइलवर नाव उमटलं : नत्थुजी. तिने घाबरतच उचलला.

"कालपासून काहीच मागत नाही वो ते," वच्छलाबाई म्हणाली. "काय केलं तू त्याइले?"