ज्योतिबा अधिक एक

डिप्लोमा फर्स्ट क्लासमध्ये पास झालेल्या मुलीला छत्तीस आणि बहात्तर यांतला फरक कळत नसेल, असं वाटतं का तुम्हाला?

कळत होता. चांगला कळत होता. म्हणूनच अनिताची गोष्ट सांगायची.

अनिता केडगावची. रोज सकाळी स्कूटीवरून चौफुला, मग भीमेचा पूल ओलांडून न्हावऱ्याच्या अलीकडं साईटवर. एका कारखान्याच्या कामगारांसाठी तिथं दोन इमारती चालल्या होत्या, ए आणि बी. काम पुण्याच्या एका ठेकेदार कंपनीचं. साईटवर अनिताचं काम दोन तऱ्हेचं. सकाळी लेबरची हजेरी घ्यायची, कोण आलं, कुठल्या कामावर लावलं ते मस्टरवर लिहायचं. संध्याकाळी टेप घेऊन फिरायचं, आज किती भिंतीला गिलावा झाला ते मोजायचं, खिडक्या-दारं वजा करायची आणि प्रोग्रेस शीटवर चढवायचं. शनिवारी आठवड्याची बेरीज. प्लॅनमधलं काम किती, झालं किती. माणसांचे रोज, म्हणजे एका माणसाचा एक दिवस, किती धरले होते, लागले किती. बजेट किती, खर्च किती. तो कागद पुण्याला विश्वजीत साहेबांकडं जायचा, आणि सगळी साईट त्या कागदावर तोलली जायची.

ए बिल्डिंगचा गिलावा सुरू झाला तेव्हा जालिंदर मुकादमानं सहा जोड्या आणल्या. जालिंदर खुटबावचा, गालात पान, बोलायला गोड. जोडी म्हणजे नवरा मिस्त्री आणि बायको त्याच्या हाताखाली. बायको वाळू चाळणार, माल कालवणार, घमेलं परांचीवर पोचवणार. नवरा थापणार.

पहिल्या दिवशी अनितानं पेन उघडून विचारलं, "मामा, बायकांची नावं सांगा."

"कशाला वो म्याडम? जोडीला एकच लाईन पडती. लिवा, ज्योतिबा अधिक एक. दर चौदाशे, दोघांचा मिळून."

"पण माणसं दोन आहेत ना?"

"लाईन वाढवली की सही वाढती. सही वाढली की अंगठा वाढतो. कशाला डोक्याला ताप? समद्या साईटवर आसंच चालतं."

अनितानं लिहिलं. ज्योतिबा अधिक एक. पुढं एक खूण. तशा सहा ओळी.

पहिल्या शनिवारी बेरीज मारताना तिचा हात थांबला. प्लॅनमध्ये होतं, आठवड्याला तीनशे साठ चौरस मीटर गिलावा, त्याला छत्तीस रोज मिस्त्रीचे नऊशेनं, छत्तीस बिगाऱ्याचे, म्हणजे हाताखालच्या माणसाचे, सहाशेनं. एकूण बहात्तर रोज, चोपन्न हजार रुपये. तिच्या मस्टरवर काम पूर्ण तीनशे साठ, खर्च पन्नास हजार चारशे, आणि रोज? छत्तीस.

सहा दिवसांच्या छत्तीस खुणा होत्या, प्रत्यक्षात बहात्तर रोज भरले होते. तिला ते दिसत होतं. खिडकीतून बाहेर बघितलं असतं तरी दिसलं असतं. पण कागदावर काय झळकत होतं! निम्म्या माणसांत पूर्ण काम. तिनं तो आकडा तसाच ठेवला आणि मेल पाठवला.

सोमवारी ग्रुपवर विश्वजीत साहेबांचा मेसेज. "अनिता, एक्सलंट. सगळ्या साईटनी हा आकडा बघा." खाली अंगठ्यांची रांग. शिरूरच्या साईटवरचा इंजिनीअर, जो तिला 'केडगाव एक्स्प्रेस' म्हणून चिडवायचा, त्यानंही अंगठा टाकला. दुसऱ्या दिवशी तिनं येताना चौफुल्यावरून पेढे आणले. मिस्त्र्यांना वाटले. ज्योतिबाच्या बायकोनं मालानं भरलेला हात पुढं केला नाही, पदर पुढं केला. अनितानं त्यात दोन पेढे टाकले आणि मोठ्या मनानं म्हणाली, "ए ज्योतिबाची, तुझाही वाटा आहे बरं का यात."

हे वाक्य तिला पुढं झोपू देईना. पण ते पुढं. तेव्हा मात्र तिला स्वतःचं कौतुक वाटलं.

ए बिल्डिंग संपेपर्यंत दर शनिवारी छत्तीस. एकदाही तिनं बहात्तर लिहिलं नाही. चूक पहिल्या आठवड्याला होते. नंतर होते ती लबाडी, आणि मला तिथं शब्द मऊ करायचा नाही.

मग बी बिल्डिंगचा प्लॅन आला. तेच काम, तीनशे साठ मीटर आठवड्याला. रोज मात्र छत्तीस. दर नऊशे. बजेट बत्तीस हजार चारशे. बिगाऱ्याचा रकाना कोराच.

पहिल्या शनिवारी तिची बेरीज पन्नास हजार चारशेची झाली आणि खर्चाचा चौकोन लालभडक झाला. अठरा हजार वर. साहेबांचा फोन लगेच आला.

"अनिता, मिस्त्रीला चौदाशे? बाजारात नऊशे चाललेत."

"सर, ते जोडीचे आहेत."

"कसली जोडी? तुमचंच मस्टर सांगतंय, एक माणूस दिवसाला दहा मीटर मारतो. चार महिने सांगतंय. बिगारी कुठं लिहिलाय तुम्ही?"

तिनं मस्टर मिटलं.

"सोमवारपासून नऊशे लावा. मस्टरवर आहे त्याला पैसे. नाही त्याला नाही."

साहेबाला ठाऊक नसेल, मिस्त्री एकटा माल कालवून, उचलून, थापून दहा मीटर मारत नाही ते? वीस वर्षं बांधकामात घालवलेल्या माणसाला? ठाऊक होतं. पण कागद आपल्या सोयीचं बोलत असला की माणसाला आठवणीचा त्रास कोण देतो. आणि तो कागद अनिताच्या सहीचा होता. साहेबानं खोटं काहीच केलं नव्हतं. तिनंच दिलेलं वापरलं होतं.

सोमवारी सकाळी जालिंदरनं फर्मान वाचून दाखवलं. जोडी बंद, मिस्त्री नऊशे. ज्योतिबा खाली मान घालून थापी पुसत राहिला. मिस्त्री एकमेकांकडं बघायला लागले.

"आन् माल कोन कालवनार?" ज्योतिबाची बायको पुढं आली.

"तू कालव की. घरचंच काम हाय, नवऱ्याचं," जालिंदर हसला.

"घरचं आसंल तर घरी करीन. चला गं."

सहाही बायका बाभळीखाली जाऊन बसल्या. भांडण नाही, घोषणा नाही. डबे उघडले, लेकरं मांडीवर घेतली.

अनिता त्यांच्याकडं गेली. समजूत काढायला, असं तिनं स्वतःला सांगितलं. "अहो, ऑफिसचा निर्णय आहे. मी काय करू शकते?"

"म्याडम, येक इचारू? त्ये तुमच्या पुस्तकात ज्योतिबा अधिक एक लिवता, त्यातली एक म्हंजी मीच ना?"

"हो."

"मग माझं नाव काय?"

बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हसू खट्याळ होतं, पण अनिताला ते कानफटात बसल्यासारखं लागलं. चार महिने रोज सकाळी ती या बाईच्या समोर उभी राहिली होती. पेढे दिले होते. आणि नाव ठाऊक नव्हतं.

"अक्षदा," ती बाईच म्हणाली. "लिवायचं आसंल तर लिवा, न्हाई तर ऱ्हाऊ द्या. पेढं ग्वाड व्हतं तुमचं."

दिवसभर सहा मिस्त्री एकटे झटले. थापी ठेवायची, परांचीवरून उतरायचं, माल कालवायचा, घमेलं खांद्यावर घेऊन चढायचं, तोवर वरचा माल सुकलेला. ज्योतिबानं दोनदा ओळंबा फेकला. संध्याकाळी अनितानं टेप लावली. साठ मीटर व्हायला हवे होते. बावीस झाले.

शीटवर शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. काम कमी का झालं, ते तिथं लिहायचं.

जालिंदर मागं येऊन उभा राहिला. "पाणी न्हवतं लिवा. टँकर आला न्हाई म्हना. म्या साक्ष देतो. उद्या बायकांला गोडीनं आनतो, तुमचं बी झाकलं जातं."

तुमचं बी झाकलं जातं. तेवढ्या चार शब्दांनी तिला कळलं, की जालिंदरला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. ती त्याला भागीदार वाटत होती. आणि ती होतीच.

"सरका मामा, उजेड अडतोय," ती म्हणाली.

तिनं शेरा लिहिला : मिस्त्री सहा, बिगारी शून्य, म्हणून काम बावीस मीटर. मग ए बिल्डिंगच्या सगळ्या आठवड्यांचे कागद उघडून प्रत्येक शनिवारचे रोज दुरुस्त केले. छत्तीसचे बहात्तर. मेलमध्ये लिहिलं, दर माणशी काम दहा नव्हे, पाच मीटर आहे. बायकांचे रोज मी धरले नव्हते. मला माहीत होतं. शेवटचे तीन शब्द तिनं एकदा पुसले. परत लिहिले. पाठवलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. ते ओरडले नाहीत, तेच वाईट. "ठीक आहे. बहात्तर रोज मान्य. बजेट मात्र पन्नास हजार चारशेच. तुम्हीच दाखवलंय की तेवढ्यात भागतं. मिस्त्री नऊशे, बाई पाचशे. आणि आठवड्याचा कागद आता इथला मुलगा करेल. तुम्ही फक्त हजेरी पाठवत जा."

गणित बरोबर बसलं होतं. छत्तीस गुणिले नऊशे, छत्तीस गुणिले पाचशे. एक रुपया इकडं नाही, तिकडं नाही. ए बिल्डिंगच्या प्लॅनमध्ये बिगाऱ्याला सहाशे होते, हे सांगायला तिनं तोंड उघडलं. पण कुठल्या तोंडानं सांगायचं? "हो सर," ती म्हणाली.

ओळ आपल्या नावाची पडणार म्हटल्यावर बुधवारी बायका कामावर आल्या. मस्टरवर बारा ओळी पडल्या. अनितानं अक्षदाला तिची ओळ दाखवली, नाव वाचून दाखवलं. अक्षदानं बोट ठेवून पुढचा आकडा विचारला.

"पाचशे."

"आन् त्यो शिमिटाच्या गोण्या उतरवाया येतो, बिगारी, त्येला?"

"सहाशे."

अक्षदानं घमेलं डोक्यावर चढवलं, चुंबळ नीट केली. "का वो म्याडम? बाईच्या डोक्यावं हलकं हुतं व्हय घमेलं?"

अनिता मस्टर छातीशी धरून उभी राहिली. ज्याच्याकडं उत्तर मागायचं त्याला ती कालच हो म्हणाली होती. अक्षदा थांबली नाही. वर ज्योतिबा मालासाठी हाका मारत होता.

अनिता अजून त्याच साईटवर आहे. रोज बारा नावं लिहिते, आणि पाचशेचा आकडा लिहिताना मान वर करत नाही. तिला शिव्या घालून तुमची सुटका नाही. उद्या तुमच्या घराचं, गोठ्याचं, देवळाचं काम निघेल. तेव्हा घमेलं उचलणाऱ्या बाईला स्वतः जवळ बोलवा, तिच्या ओळीसमोरचा दर तिच्यादेखत मोठ्यानं वाचा, आणि बिगाऱ्यापेक्षा तो कमी निघाला तर काम सुरू व्हायच्या आधी तो सारखा करा.