दादाचा आवाज आणि आडवी पट्टी

दादा गेला तेव्हा घरात त्याचा एकही धड व्हिडिओ नव्हता. घाटनांदूरात त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि आसपासच्या गावांतली लग्नं तोच काढायचा. कॅमेऱ्याच्या मागे उभा राहणारा माणूस चित्रात येणार कसा? दहाव्याला लावलेला फोटोसुद्धा आधार कार्डासाठी काढलेला होता.

वर्षाचं पुण्यस्मरण जवळ आलं तशी आई म्हणाली, "तू त्याच्यापाशी बसून शिकलीस ना? मग त्याचं कायतरी कर."

लग्नाआधी मी स्टुडिओत बसून व्हिडिओ जोडायला शिकले होते. मी नेकनूरहून माहेरी आले, स्टुडिओचं शटर वर केलं आणि कॉम्प्युटर चालू केला. हार्ड डिस्कमध्ये माझ्याच लग्नाचं मूळ, न कापलेलं शूटिंग सापडलं. त्यात दादा दिसत नव्हता, पण ऐकू येत होता. "आत्या, जरा हिकडं बघा." "आई, रडू नको गं, फोकस जातोय." दुसऱ्यांना देताना हे आवाज तो कापून टाकायचा. मी नेमके तेच उचलले. तो बोलत असताना ज्यांच्याकडे बघत होता, त्यांचे चेहरे ठेवले. आठवडाभर तेच चाललं होतं.

शेवटी तयार फाइल बाहेर काढली आणि लावून पाहिली. आईच्या चेहऱ्यावरून सॉफ्टवेअरचं नाव आडवं गेलं होतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच पांढरट पट्टी. काम करताना ती कुठेच दिसली नव्हती.

दादाचा अंबाजोगाईचा एक मित्र हेच काम करतो. त्याला फोन लावला.

"ट्रायलचा शिक्का हाय त्यो," तो म्हणाला. "दादाचं लायसन संपलं आसंल. बँकेतनं आपोआप पैसे कटायचे, आता बँकेतलं खातंच बंद हाय."

"पुसता नाही येणार?"

"बनलेल्या फाइलीवरून नीट निघत न्हाई ताई. कापलं तर चेहरा कापला जातोय, पुसाय गेलं तर धूसर होतंय. आन लायसन न घेता पुसणं बरोबर बी न्हाई." मग म्हणाला, "क्रॅक, म्हंजी चोरीची कॉपी, हाय एकाकडं. पण तुमी टाकू नका. व्हायरस आला तर सगळ्या गावाची लग्नं जातील. दादानं कधी टाकू दिलं न्हाई."

दुसरा एक मार्ग त्याने सांगितला. शिक्का न मारणारी, फुकट आणि कायदेशीर सॉफ्टवेअरं असतात. पण माझं काम त्यात जसंच्या तसं उघडलं नसतं. मूळ क्लिपा घेऊन पुन्हा पहिल्यापासून जोडावं लागलं असतं. दादाच्या वाक्यांवर पुन्हा कात्री चालवायची माझी हिंमत नव्हती.

मी कंपनीला मेल केला. भाऊ वारला आहे, त्याचं लायसन मला चालू ठेवता येईल का? उत्तर सभ्य होतं. त्यांच्या नियमानुसार एकाचं लायसन दुसऱ्याच्या नावावर होत नाही. मी माझ्या नावाने महिन्यापुरतं घेऊ शकते. शिक्का कामाच्या फाइलीत नसतो, फाइल बाहेर काढताना लागतो. म्हणून लायसन चालू झाल्यावर तेच काम उघडून पुन्हा बाहेर काढा.

माझ्या नावाने खातं उघडून लायसन घेतलं. ते चालू करण्याआधी सॉफ्टवेअरमधल्या दादाच्या खात्यातून बाहेर पडायचं होतं. वरच्या कोपऱ्यात दादाचं नाव होतं. त्यावर माउस नेला की खाली विचारणा यायची: बाहेर पडायचं का? मी दोनदा माघार घेतली. त्याचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. एकदा बाहेर पडलं की त्याचं नाव तिथे परत येणार नव्हतं.

अग्नी दिला तेव्हा बायकांना जाऊ दिलं नव्हतं. मला वाटलं, माझ्या वाट्याचा निरोप हाच असावा. मी "हो" दाबलं आणि टेबलावर डोकं ठेवून खूप रडले.

मग माझं नाव टाकलं, काम उघडलं, पुन्हा फाइल काढली. सगळी पाहिली. आईचा चेहरा स्वच्छ होता.

पुण्यस्मरणाला आलेल्यांपैकी एकाने हळूच विचारलं, "ह्याच्यात पोरगं कुठं दिसतच न्हाई की?" आई पडद्याकडे बघतच नव्हती. तिने डोळे मिटले होते. "आई, रडू नको गं" असं आलं तेव्हा ती त्याच्याशी बोलल्यासारखी मान हलवत पुटपुटली, "न्हाई रडत, बाळा. न्हाई रडत."

महिना संपल्यावर मी लायसन वाढवलं नाही. आता बारशा-डोहाळ्यांची कामं येतात, ती फुकटच्या सॉफ्टवेअरवर करते. दादाचा आवाज आईच्या मोबाइलमध्ये भरून दिला आहे. ती तो लावते तेव्हा मी काहीतरी काम काढून बाहेर जाते. मला अजून ऐकवत नाही.